सव्वा इंच

मुलीच्या लग्नाच्या सकाळी फूटपट्टी सरांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून बुटांचा खोका खाली काढला. बूट सरांच्या स्वतःच्या लग्नातले होते, सव्वीस वर्षांपूर्वीचे. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेले, वरून काळेभोर आणि आरशासारखे चकचकीत.

"अहो, नवे घ्या म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडतेय," सरांची बायको म्हणाली.

"नवेच आहेत हे. उभ्या आयुष्यात तीनदा घातलेत. एक ओरखडा दाखव."

सर शाळेत भूमिती शिकवत. मुलांनी ठेवलेलं नाव इतकं चपखल होतं की हळूहळू शिक्षकांनी आणि मग शेजाऱ्यांनीही तेच उचललं. सरांनी घरातली दारं मोजली होती, पडदे मोजले होते, भाकरी गोल आहे की नाही तेसुद्धा एकदा मोजून पाहिलं होतं आणि त्यानंतर दोन दिवस स्वतःच्या हाताने स्वयंपाक केला होता.

या बुटांची खरी गंमत त्यांच्या सोलमध्ये होती. लग्न ठरलं तेव्हा नवरी नवऱ्यापेक्षा इंचभर उंच आहे, अशी कुजबुज नातेवाइकांत सुरू झाली होती. सर बाजारात गेले आणि बंद पडलेल्या एका दुकानाच्या सेलमध्ये, ढिगाच्या तळाशी, त्यांना हा जोड सापडला. निम्म्याहून कमी किंमत आणि सोल चांगला सव्वा इंच जाड, तरीही पिसासारखा हलका. लग्नाच्या फोटोत दोघं खांद्याला खांदा लावून अगदी एका रेषेत उभी होती. तो फोटो सव्वीस वर्षं दिवाणखान्यात होता, आणि आज लेकीच्या लग्नात त्याच बुटांत, त्याच बायकोशेजारी, तसाच एका रेषेतला फोटो काढून घ्यायचा हे सरांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हातारपणी माणसाला हट्ट करायला काहीतरी लागतंच.

बूट घालताना सोल बोटांना जरा चिकट लागला. पॉलिश असेल, असं सर म्हणाले.

लग्न नोंदणी कार्यालयाच्या सभागृहात होतं. दारापासून अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत लेकीला हात धरून न्यायचं, साक्षीदार म्हणून सही करायची आणि मग फोटो, एवढंच सरांचं काम. सर लेकीला घेऊन ऐटीत निघाले. दहा पावलांवर मागून झाडूचा आवाज आला. सरांनी वळून पाहिलं. झाडणाऱ्या बाई त्यांच्या मागोमाग फरशी झाडत येत होत्या.

"बाबा, हे काळं काय सांडतंय?" लेक हळूच म्हणाली.

"कुणीतरी केक खाल्लेला दिसतोय. लोकांना शिस्त म्हणून नाही."

सर पहिल्या रांगेत बसले. अधिकारी नवरा-नवरीला कायद्याची कलमं वाचून दाखवत होते. सरांनी खाली पाहिलं तर केकचा चुरा त्यांच्याच खुर्चीखाली जमला होता. त्यांनी बूट जरासा दाबला. आणखी मूठभर केक पडला. सरांनी दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

"साक्षीदारांनी पुढे यावं," अधिकारी म्हणाले.

सर उठले आणि निघाले, पण डावा सोल जागेवरच राहिला. फरशीला चिकटून, टाचेसकट. एक पाय सव्वा इंच उंच आणि एक जमिनीवर, अशा चालीने सर टेबलाकडे गेले. सहीच्या वेळी ते इतके डावीकडे कलले होते की सहीसुद्धा उतरणीला लागली.

"सर, बरं वाटत नाहीये का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आनंदाने होतं असं," सर म्हणाले.

कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण नवऱ्या मुलाच्या वडिलांचं चौकात बूटदुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं लोकांच्या पायांकडे बघण्यात गेलेला माणूस. त्यांनी शांतपणे फरशीवरचा सोल उचलून रुमालात गुंडाळला आणि सरांच्या कोपराला धरून त्यांना मागच्या खोलीत नेलं. साखरपुड्यात याच व्याह्यांना सरांनी तासभर ऐकवलं होतं, की तुमच्याकडे येतात ते लोक वस्तू वापरायला शिकलेलेच नसतात.

"व्याही, चिकटवा पटकन. फोटो व्हायचाय अजून."

व्याह्यांनी सोल चिमटीत दाबला. त्याची माती झाली.

"कशाला चिकटवू, सर? सोल्युशन लावलं की दोन्ही बाजू दहा-पंधरा मिनिटं सुकवाव्या लागतात, मग ठोकायचं. तेही केलं असतं. पण ते चिकटणार या भुग्याला. भुगा सुटला की परत सगळं हातात."

"तीनदा घातलाय हो फक्त!"

"तेच चुकलं. हा रबर नव्हे, फेस आहे. घुसळून ओतलेला, म्हणून तर हलका. हवेतला ओलावा खाऊन खाऊन आतून कुजतो. वापरात असला तर दाबून दाबून थोडा दमटपणा बाहेर तरी पडतो. तुम्ही कोंडून ठेवलात, वर दोन पिशव्या. वरचं कातडं बघा, खणखणीत आहे. कातड्याचं तुम्ही केलंत, सोलचं कोण करणार?"

सर हळूच म्हणाले, "आमचा लग्नातला फोटो आहे हो. तसाच काढायचा होता."

व्याही हसले नाहीत. स्वतःचे बूट त्यांनी काढून पाहिले, पण नऊ नंबरात सरांचा सात नंबरचा पाय पोहत होता. मग त्यांनी खिशातून चाकू काढला आणि उजव्या बुटाचा उरलासुरला सोलही खरवडून टाकला. "आतला पुठ्ठा शाबूत आहे. वरचं कातडं त्याच्यावर ओढून बसवलेलं असतं, त्यामुळे समोरून बूटच दिसेल. पाय घासत चाला, पाण्यात नका जाऊ."

असे सर फोटोला आले. आवाज न करता, सव्वा इंच कमी, पँट बुटांवर गोळा झालेली. बायकोच्या शेजारी उभं राहताना त्यांना मान वर करायची हिंमत होईना.

पण कॅमेरावाल्याने "थोडं जवळ" म्हणताच शेजारी बायको हळूहळू खाली आली. सरांनी चमकून पाहिलं. तिच्या साडीच्या निऱ्या जमिनीवर गोळा होत होत्या.

"गुडघे वाकवलेस?"

"सवय आहे," बायको ओठ न हलवता म्हणाली. "त्या फोटोतही वाकवलेच होते."

"पण तेव्हा बूट होते ना! इंचभराचा तर फरक."

"अडीच इंचांचा. पाहायला आलात तेव्हा वाकूनच उभी होते. खरी उंची सांगितली असती तर तुमच्या आत्याने चहासुद्धा घेतला नसता. आणि मला तुम्ही आवडला होतात."

जगातली प्रत्येक वस्तू मोजणाऱ्या माणसाने बायकोला कधी भिंतीला लावून उभं केलं नव्हतं. बूट घातले की आपण बरोबरीचे, असं मानून सव्वीस वर्षं त्याने तो जोड देवासारखा जपला होता. आणि तो फोटो तोलून धरला होता तिच्या गुडघ्यांनी.

"बाई, अजून जरा खाली व्हा, म्हणजे दोघं लेव्हलमध्ये येता," कॅमेरावाला म्हणाला.

"नाही," सर वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले. "ती सरळ उभी राहील."

ती सरळ उभी राहिली. सर तिच्या कपाळापर्यंत आले.

आता दिवाणखान्यात दोन्ही फोटो शेजारीशेजारी आहेत. खिळे ठोकताना सरांनी दोन्ही चौकटी पट्टी लावून एका रेषेत आणल्या. येणारा प्रत्येक पाहुणा आधी एक फोटो बघतो, मग दुसरा बघतो आणि न राहवून विचारतोच, "सर, तुम्ही उतारवयात एवढे बुटके कसे झालात?"

"मी होतो तेवढाच आहे," सर म्हणतात. "ही उंच झाली."