कळअप्पा आणि फासातली डुकरीण

आमच्या शेजारचे कळअप्पा माणसांना चिमटे काढतात.

उगीच नाही काढत. त्यांच्या किराणा दुकानात उभं राहून जो कोणी म्हणेल, "जाऊ द्या हो, जनावराला काय कळतंय," त्यालाच काढतात. आधी स्वतःच्या डाव्या दंडाला काढून बघतात, किती जोर लागतो ते. मग समोरच्याला तेवढ्याच मापाचा. आणि विचारतात, "आता सांग. तुला कळलं, का कळ आली?"

एकदा बिस्किटं पुरवणारा एजंट या तावडीत सापडला. तो बिचारा दंड चोळत म्हणाला, "कळ आली की हो अप्पा!"

"मग? कळ यायला आधी कळावं लागतं का? शाळा शिकावी लागती का?"

एजंट पुन्हा आला तेव्हा बिस्किटांचे खोके बाहेरच्या ओट्यावर ठेवून गेला.

त्यांचं खरं नाव नागनाथअप्पा. सिरसाळ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे चौकात त्यांचं दुकान. वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. घरी एकटेच असतात. मांसमच्छी खात नाहीत, पण त्याबद्दल कोणी कौतुक केलं की चिडतात. "ते माझ्या बापाचं हाय. जन्मल्याबरुबर मिळालं. कळंचं तेवढं माझं."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही लिहिताना मला धाकधूक होते. हे लिहितानाही होतेय. पण यंदा तत्त्वज्ञानाच्या सरांनी 'प्राण्यांचे नैतिक स्थान' शिकवायला घेतलं, आणि वर्गात मला सारखे अप्पाच दिसायला लागले. सर म्हणाले, एखाद्या जीवाचा विचार करायचा की नाही हे त्याच्या बुद्धीवरून, भाषेवरून ठरवायचं नाही. त्याला वेदना भोगता येतात का, एवढंच बघायचं. भोगता येत असतील, तर त्या वेदना मोजाव्या लागतात, आणि त्या कोणत्या जातीच्या प्राण्याच्या आहेत यावरून त्यांचं वजन कमी होत नाही.

मी हे अप्पांना सांगितलं. ते साखर मोजत होते. "काटा एकच म्हनायचा," ते म्हणाले. "मान्साची पावशेर कळ आन् डुकराची पावशेर कळ. पावशेर ते पावशेर. येवढ्यासाठी परळीला जाती व्हय रोज एष्टीनं?"

सगळ्या गावाला त्यांची एक गोष्ट उलटी वाटते. ते दुकानात उंदराची चिकटपट्टी ठेवत नाहीत. त्या पट्टीवर उंदीर दोन-दोन दिवस चिकटून ओरडतो. पण मान मोडणारा सापळा मात्र विकतात. आमची आई एकदा म्हणाली, "अप्पा, ही कसली दया? मेला तर दोन्हीकडं मेला."

"वैनी, मेला ते येगळं. मरूस्तोवर काय झालं ते येगळं. तुमचं दानं वाचाया पायजेत, मला मान्य हाय. पन त्येच्यासाठी दोन दिवस हाल कावून?"

आई हट्टाला पेटली. "मग कोबी चिरताना? कोबीला नाही का कळ?"

अप्पांनी कोबीचा विचार आधीच करून ठेवला होता. "कोबीला नसा न्हाईत, मेंदू न्हाई. आन् पळाया पाय तरी कुठं हायेत? कळ कशाला असती? पळ म्हनून सांगायला. जो पळूच शकत न्हाई त्येला कळ दिऊन काय करायचं?" मग म्हणाले, "गोगलगायीचं मातर मला ठाऊक न्हाई. जिथं ठाऊक न्हाई तिथं आपन जपून पाय टाकायचा."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. चैत्रातल्या त्या सकाळपर्यंत.

मी कॉलेजला निघाले होते. दत्तूभाऊंच्या उसाच्या बाजूनं एक आवाज आला. मला आधी वाटलं, बाई ओरडतेय. मी घाबरून थांबले. आवाज पुन्हा आला तेव्हा कळलं की माणसाचा नाही. पण भीती गेली नाही, उलट वाढली. तरी मी तिकडे वळले.

उसाला लागून दत्तूभाऊंचा भुईमूग आहे. रानडुकरं रोज येऊन वेल उपसतात, म्हणून त्यांनी बांधावर मोटारसायकलच्या क्लचच्या वायरचे फास लावले होते. एकात डुकरीण अडकली होती. मागचा पाय फासात, आणि ओढून ओढून वायर हाडापर्यंत गेलेली. दहा-बारा माणसं काठ्या घेऊन लांब उभी होती. माणसं जवळ सरकली की डुकरीण धावून यायची, वायर ताणली जायची, ती तोंडावर आपटायची आणि तो आवाज यायचा. वायरची खुंटी दर वेळी थोडी हलत होती. ती उपटली तर काय होईल, हे सगळ्यांना दिसत होतं.

अप्पा दुकान उघडं टाकून आले होते.

"दत्तू, काठ्या खाली ठेवा."

"अप्पा, तुमी जावा बरं. तुमचं चिमटं हितं चालायचं न्हाईत." दत्तूभाऊंचा चेहरा उतरला होता. "गेल्या साली माझ्या बायकूला पाडलं ह्यांनीच. मांडी फाडली. इसरलात का?"

"न्हाई इसरलो. वैनीला आली ती कळच व्हती. ही बी तीच हाय."

"म्हंजी माझी बायकू आन् डुक्कर एकच?"

"एक न्हाई. वैनीला दवाखाना, हिला रान. ज्येचं त्येला. मी कळ तेवढी सारखी म्हनतोय."

"आरं मारून टाका अन् पुरा लवकर," मागून कोणी म्हणालं. "जंगलवाले आले तर दत्त्या आत जाईल, बे."

अप्पा त्यांच्याकडे वळले. "मारा. मी आडवा येत न्हाई. एका घावात मारनारा हाय का कोन? सांगा. दहा काठ्या, पन्नास घाव. एका घावात मारनारा पुढं या."

कोणी पुढे आलं नाही. काठ्या हातातच राहिल्या.

अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "वर्षे, लाव फोन."

दत्तूभाऊ म्हणाले, "वर्षा, लावू नको." ते मला लहानपणापासून ओळखतात. त्यांच्या बैलगाडीतून मी शाळेत गेले आहे.

मी फोन हातात धरून उभी होते. डुकरिणीची भीती, दत्तूभाऊंची भीती, आणि चूक काय बरोबर काय हे ठरत नसल्याची भीती. तेवढ्यात ती पुन्हा आपटली. मी फोन लावला. वनविभागाचा नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून पोलिसांचा मदतीचा लावला आणि घाईघाईत म्हणाले, "साहेब, फास लागलाय. जिवंत हाय अजून. लवकर या."

"घाबरू नका ताई. वायर कापता येते का बघा. खालून आधार द्या. श्वास चालू हाय का?"

"चालू हाय. लई जोरात."

"वय काय असंल?"

मी अप्पांना विचारलं. "दीड-दोन वर्सं," ते म्हणाले. मी तेच सांगितलं.

"दोन वर्षाचं लेकरू?" पलीकडचा आवाज चढला. "अँब्युलन्स काढतो! गाव सांगा!"

मला खरं सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. इतक्या तळमळीनं ते विचारत होते. "साहेब, रानडुक्कर हाय," मी म्हणाले.

पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग ते हळूच म्हणाले, "अहो ताई, जीव घाबरवला की." रागावले नाहीत. त्यांनीच वनविभागाशी जोडून दिलं. तिथून कळलं, डॉक्टर भुलीची बंदूक घेऊन निघतील, पण दोन तास लागतील. तोवर कुणी जवळ जाऊ नका.

दोन तास. अप्पांनी सगळ्यांना बांधापलीकडे पाठवलं. "तुमाला बघून ती वडती. वडली की वायर रुतती. भ्या बी कळच हाय." ते स्वतः लांबच्या लिंबाखाली, तिला दिसणार नाही असे बसले. मी का थांबले, मला सांगता येत नाही.  खुंटीकडे नजर लावून मी त्यांच्याजवळ बसले.

हळूहळू ओरडणं थांबलं. नुसता श्वास ऐकू यायला लागला, फुसफुस, फुसफुस. माझाही तसाच चालला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी तिला जितकी भ्याले होते, तितकीच तीही आम्हाला भ्याली होती.

"आमाला एक पोरगी व्हती," अप्पा एकदम कुजबुजले. गावात हे कोणी मला सांगितलं नव्हतं. "गौरा. बोलायची न्हाई, वळखायची न्हाई. आपलं नाव बी तिला ठाऊक नव्हतं. अकरा वर्साची व्हती, कढईतलं तेल सांडलं पाठीवर. रोज पट्टी बदलायला न्यायचो. जुनी पट्टी चिकटलेली असायची. भिजवून काढायची तर टाइम लागतो. मलमपट्टीवाला म्हनला, वडून काढतो, हिला काय कळतंय."

मी त्यांच्याकडे वळले.

"दुकान उघडायचं व्हतं मला. म्या म्हनलं, व्हय, हिला काय कळतंय, काढा लवकर." ते जमिनीकडे बघत होते. "अठरा दिवस, वर्षे. मी हात धरायचो तिचा. एकोनिसाव्या दिवशी ग्येली."

उसात वारा फिरला. डुकरीण हलली नाही.

दोन तासांऐवजी पावणेतीन लागले. डॉक्टरांनी लांबून सुई मारली. थोड्या वेळानं ती बसली, मग आडवी झाली. डॉक्टर वायर कापायला वाकले तशी अप्पांनी त्यांची बाही धरली. "भूल पुरी चढली का बघा आधी." डॉक्टरांनी कान दाबून बघितला, पापणीला बोट लावलं, ती हलली नाही. मग वायर कापली. पाय वाचेल का ते सांगता येत नाही, पण इलाज करू, असं म्हणून तिला पिंजऱ्यात घातलं. दत्तूभाऊंनी फास आपलाच असल्याचं कबूल केलं. डॉक्टरांबरोबर आलेल्या वनविभागाच्या माणसांनी त्यांचा जबाब लिहून घेतला, उरलेले फास काढून नेले. जाताना दत्तूभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत.

आम्ही परत निघालो. ऊन कडक झालं होतं. अप्पा चालता चालता म्हणाले, "तुमच्या कॉलेजात ह्ये सगळं लिव्हलेलं हाय म्हनती. मग ह्ये बी लिव्हलंय का कुठं, की ज्येला आपन कळ दिली आन् ते ऱ्हायलंच न्हाई, त्येच्यासाठी काय करायचं?"

मी मनातल्या मनात वही चाळली. व्याख्या होत्या, आक्षेप होते, आक्षेपांना उत्तरं होती.

"न्हाई अप्पा," मी म्हणाले. "तेवढं न्हाई शिकवलं."

"बरं," ते म्हणाले.

कॉलेजची एसटी कधीच गेली होती. ते दुकानाच्या पायरीवर बसले, आत गेले नाहीत. मीही शेजारी बसले.  एरवी ते मला "जा, आई वाट बघत असंल" म्हणतात. त्या दिवशी म्हणाले नाहीत.