पाचव्या नावाचं बारसं

एका जंगलात एक नियम राहत होता. तो इतका म्हातारा होता की त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. तरी सगळे त्याला घाबरत. नियम असा: नाव मोठ्यांनीच ठेवायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही.

बाळांनो, तुम्हीही विचारू नका. विचारलं की उत्तर मिळतं, "आधी दूध संपव."

त्या जंगलात मृदुला नावाची एक साळू होती. साळिंदराच्या पोरीचं नाव मृदुला! हे नाव जंगलाच्या आत्याबाईंनी ठेवलं होतं. मृदुलाला जवळ घेताना तिची आईसुद्धा आधी दिशा ठरवायची. पण नाव मोठ्यांनी ठेवलं होतं, त्यामुळे चूक काट्यांचीच होती.

मृदुला टेकडीपलीकडच्या कॉलेजात शिकून आली होती. आपलाच एक काटा उपटून तिने पिल्लांसाठी एक साहसमालिका लिहिली. मालिकेचं नाव 'हाकेला पाच'. कुठे कोणी अडकलं, बुडालं, दरडीखाली सापडलं की हे पाच जण धावून जात.

गोष्ट लिहायला तिला थोडे दिवस लागले. नावांना फार लागले.

"नाव म्हणजे पाटी नव्हे," ती म्हणायची. "दोर बांधणाऱ्याचं नाव दोरबांधे ठेवलं, तर पिल्लांना शोधायला काय उरलं? नावाने नुसती खूण करायची. बाकीचं गोष्टीने सांगायचं."

म्हणून गाठी मारण्यात पटाईत खारीचं नाव तिने ठेवलं सुतळी. पाणमांजराचं ठेवलं भोवरा. पिल्लांना वाटलं, हा नुसता गरगर फिरणारा, खेळकर असणार. मग पुराचा अध्याय आला. नदीच्या भोवऱ्यात सापडल्यावर सगळे वर यायला धडपडतात आणि दमून बुडतात. भोवरा धडपडला नाही. त्याने श्वास भरला, पाण्याबरोबर खाली गेला, आणि तळाशी ओढ कमी झाल्यावर आडवा पोहत बाहेर आला. तेव्हा सशाचं एक पिल्लू किंचाळलं, "म्हणून तो भोवरा!"

मृदुलाला हेच हवं होतं. ते "म्हणून" पिल्लाच्या तोंडून यायला हवं, लेखिकेच्या नव्हे.

पण सगळी नावं पहिल्या झटक्यात जमली नाहीत. दगड उचलणाऱ्या गव्याच्या वासराचं नाव आधी पहार होतं आणि अंधारात वाट काढणाऱ्या वटवाघळाचं पडसाद. उंबराखाली मृदुलाने गुहेचा अध्याय वाचायला दिला, तर पिल्लं दर ओळीला अडखळू लागली. आत कोण गेलं? पहार की पडसाद?

तिच्या लक्षात आलं. नुकतं वाचायला शिकलेलं पिल्लू नावाचं पहिलं अक्षर बघतं आणि उरलेलं अंदाजाने ढकलतं. दोन नावं एकाच अक्षराची असली की दोन जण एकमेकांत मिसळतात. तिने पहार खोडलं आणि टेकू लिहिलं. ते जास्त शोभलं. पहार फोडते. टेकू मात्र बाकीचे बाहेर पडेपर्यंत डोक्यावरचा दगड तोलून धरतो.

तरी गडबड उरलीच. पाचवीचं, म्हणजे वानराच्या पोरीचं, नाव होतं फुंकर. प आणि फ यांत फरक फक्त एका शेपटीचा. पुन्हा पिल्लं अडखळली. मग पडसादचं झालं चाहूल. ढिगाऱ्याखाली कोणी हळूच कण्हलं तरी ते वटवाघळाला ऐकू येतं.

सुतळी, भोवरा, टेकू, चाहूल, फुंकर. दिसायला वेगळी, ऐकायला वेगळी, आणि हाक मारायला लहान. दरड कोसळत असताना लांबलचक नाव घेतलं, तर नाव पूर्ण होण्याआधी दरड खाली येते.

उंबराखाली आता बिबट्याचं पिल्लू सशाच्या पिल्लाला चिकटून बसून ऐकू लागलं. गोष्ट चांगली असली की असं होतं. गोष्ट वाईट असली की भूक लागते.

आता पुस्तक कोरून घ्यायचं बाकी होतं. जंगलात पुस्तकं सुतारपक्षी कोरायचा, झाडांच्या साली कोरड्या असताना, वर्षातून एकदाच. आणि साली होत्या वडीलधाऱ्या मंडळाच्या ताब्यात. मंडळाने आजवर पिल्लांसाठी एकच पुस्तक काढलं होतं, 'सदाचाराची शिडी'. पिल्लं ते आवडीने वापरत. ओल्या जमिनीवर बसायला.

मंडळाचे अध्यक्ष होते अप्पा गेंडे. शेजारी तात्या कासव. आणि नावं ठेवण्याचा मान ज्यांचा, त्या आत्याबाई घोरपड. एकदा एखादी गोष्ट धरली की त्या सोडत नसत.

"गोष्ट बरी आहे," अप्पा म्हणाले. याचा अर्थ त्यांनी वाचली नव्हती. "पण नावं कुणी ठेवली?"

"मी."

"बारसं?"

"अप्पा, ती पुस्तकातली पात्रं आहेत."

"म्हणून काय बिनबारशाची राहायची?" आत्याबाईंना खरोखरच वाईट वाटलं. "बिचारी!"

मग बारसं झालं, बाळांनो. खरंखुरं. वेलीचा पाळणा बांधला. त्यात हस्तलिखिताच्या पाच साली निजवल्या. घुगऱ्या वाटल्या. आत्याबाईंनी प्रत्येक सालीवर वाकून कुर्र केलं आणि नाव सांगितलं. साली काही रडल्या नाहीत. मृदुला मात्र रडायच्या बेतात होती.

नावं निघाली: पराक्रमभूषण, प्रतापभूषण, पुण्यभूषण, परोपकारभूषण आणि पद्मभूषणा.

"सगळी प वरून?" मृदुलाने विचारलं.

"पुस्तकाची रास कन्या आली," तात्या म्हणाले. "आणि भूषण आमच्या आजोबांच्या नावात होतं."

"पण यातली खार कोणती?"

"गुण बघ ना पोरी, गुण! खार काय, कुठेही असते."

संध्याकाळी उंबराखाली नव्या नावांनी वाचन झालं. अप्पांनी स्वतः वाचलं. "पराक्रमभूषण ओरडला, प्रतापभूषण, दोर टाक! पुण्यभूषण म्हणाला, थांब, परोपकारभूषण अजून आत आहे!"

"वटवाघूळ कोणतं?" एका पिल्लाने विचारलं.

"दगड कुणी धरलाय?" दुसऱ्याने विचारलं.

"मधे बोलू नये," अप्पा म्हणाले, आणि पान चुकले. आता त्यांनाही कळेना की आत कोण आहे. मग त्यांनी परोपकारभूषणला दोनदा बाहेर काढलं आणि पुण्यभूषणला गुहेतच विसरले.

बिबट्याच्या पिल्लाने जांभई दिली. मग त्याने सशाच्या पिल्लाकडे वळून पाहिलं.

वाचन तिथेच थांबवावं लागलं.

मंडळाची तातडीची बैठक बसली. पिल्लांचं लक्ष नसतं, असा ठराव झाला. आमच्या वेळी असं नव्हतं, असा दुसरा ठराव झाला. पण वाऱ्याला ओला वास येऊ लागला होता आणि सुतारपक्षी चोच घासून बसला होता. तेव्हा अप्पांनी मोठं मन केलं.

"मृदुला, आम्ही काही हट्टी नाही. तुझी चार नावं राहू देत. एवढं फक्त पाचवं बदल."

"फुंकर? ते का?"

"हे काय नाव आहे?" तात्यांनी मान बाहेर काढली. "चौघं जिवावर उदार होऊन धावतात, आणि ही वानराची पोर काय करते? फू फू? नाव सुगरण ठेव. पथकाला स्वयंपाक लागतोच."

"कौशल्य सुचवणारं नाव हवं, असं तूच म्हणतेस ना?" अप्पा हसले. "सुगरण म्हटलं की लगेच सुचतं. तुझाच नियम, बाळ. चार तुझी, एक आमचं. सुतारपक्षी आत्ता कामाला लागेल."

बाळांनो, यालाच मधला मार्ग म्हणतात. तो नेहमी मोठ्यांच्या दारातून जातो.

मृदुलाने साली उलगडल्या. तिचे काटे थोडे उभे राहिले होते.

"दरडीचा अध्याय वाचलात का, अप्पा? चाहूल आवाज शोधते. टेकू दगड तोलतो. सुतळी दोर सोडते. हरणाचं पाडस बाहेर येतं, आणि चौघंही नुसती उभी राहतात. कारण ते हलत नाही. तेव्हा पुढे कोण येतं? फुंकर. ती आधी गाल त्याच्या नाकाशी नेते, श्वास आहे का बघते. मग जिथून रक्त वाहतंय तिथे पाला दाबून धरते आणि हात काढत नाही, कितीही कळ लागली तरी. भोवरा म्हणतो, चला, उचलून पळू या. ती म्हणते, पाय मोडलाय, आधी दोन्ही बाजूंनी काठ्या लावून बांधू, मगच हलवू. चौघं पाडसाला बाहेर काढतात. जगवते ती."

"मग नाव एवढं मऊ का?" तात्यांनी विचारलं.

"कारण तुमचा गुडघा फुटला होता, तेव्हा कुणीतरी सगळ्यात आधी फुंकरच घातली होती."

तात्यांनी नकळत गुडघा चाचपला.

"आणि एकदा सुगरण म्हटलं," मृदुला पुढे म्हणाली, "की प्रत्येक पुस्तकात ती चुलीपाशी बसणार. नाव खूण करतं, अप्पा. चुकीच्या जागी खूण केली की पिल्लू आयुष्यभर तिथेच बघतं."

आत्याबाई रागावल्या. "नावाचं आम्हाला नको शिकवू! या जंगलातल्या प्रत्येकाच्या कानात मी नाव सांगितलंय."

"आत्याबाई, तुमचं नाव काय?"

"आत्या."

"ते नातं झालं. नाव?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं. जीभ दोनदा बाहेर येऊन गेली. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी तात्यांकडे पाहिलं.

"होतं काहीतरी," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "लहान होतं. हाक मारायला सोपं. मग मी आत्या झाले. पुढे कुणाला लागलंच नाही."

"विषय सोडू नका," अप्पा घाईने म्हणाले. "बोल मृदुला. सुगरण लिहितेस, की साली परत ठेवू? यंदा नाही तर पुढच्या वर्षी. तेव्हा आम्हाला वेळ असला तर."

मृदुलाने साली गुंडाळून काखेत घेतल्या. पहिलंच पुस्तक होतं तिचं.

"नाही लिहिणार," ती म्हणाली. "नका कोरू. मी रोज उंबराखाली वाचून दाखवीन, पिल्लांना पाठ होईपर्यंत. तिचं नाव फुंकरच राहील."

अप्पा शिंग खाजवू लागले. तात्या मान आत घेऊन बसले. आत्याबाई कुठेतरी लांब बघत होत्या, ओठ हलवत, एक लहानसं नाव आठवत.



तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांना नावाबद्दल कधीही प्रश्न विचारू नये. ते गप्प होतात. मग जंगल इतकं शांत होतं की उंबराखालच्या पिल्लांचं भांडण थेट मंडळापर्यंत ऐकू येतं: "काल तू होतीस! आज फुंकर मी!"