हळू, पोरगी वाचतीय

आमच्या शेजारच्या विश्वंभरअप्पांना कुकरच्या शिट्टीचं वावडं होतं. पहिली शिट्टी झाली की भिंतीपलीकडून हाक यायची, "वहिनी, हळू! पोरगी वाचतीय." आता शिट्टी हळू कशी वाजवायची, हे मला आख्ख्या परंड्यात कुणी शिकवलेलं नाही.

पोरगी म्हणजे त्यांची एकुलती एक वैष्णवी. ती स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसली आणि गल्लीची वाचा गेली. अप्पांनी म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली. एका वरातीला आडवे जाऊन बँड बंद करवला. बिचारा नवरदेव चोरासारखा गेला. मी एकदा चिडून विचारलं, "श्वास तरी घेऊ का?"

"घ्या की. पण नाकानं."

दोनदा पूर्व परीक्षेतच गाडी अडली, दोनदा मुख्य परीक्षेत. हा शेवटचा प्रयत्न, असं वैष्णवीनं ठरवलं आणि पाचव्या वर्षी राज्य कर निरीक्षकाच्या गुणवत्ता यादीत तिचं नाव आलं. तिनं लगेच स्टेटसचा मजकूर लिहिला, 'पाच वर्षांच्या शांत अभ्यासाला अखेर यश...' फ्लेक्सवाला फोटो मागत दारात हजर.

अप्पांनी दोघांनाही थांबवलं. "यादीत नाव हाय, पद न्हाय."

खरंच होतं ते. जागा तिच्या जरा वरच संपत होत्या. वरच्या कुणाला दुसरीकडं मोठं पद मिळालं असेल आणि त्यानं या भरतीतून बाहेर पडायचा पर्याय भरला, तरच तिचा नंबर लागणार होता. मजकूर मोबाइलमध्येच पडून राहिला.

अप्पा येरमाळ्याला जाऊन येडाईपुढं डोकं टेकवून आले.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"वरच्या पोरास्नी लई मोठी नोकरी दे म्हणलं. एकेकाला कलेक्टर कर, आई."

अंतिम निकालाच्या दुपारी पीडीएफ उघडता उघडेना. गल्ली सवयीनं गप्प. वैष्णवीचं बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं. नाव होतं, पुढं पदही होतं. तेव्हा अप्पा असे काही ओरडले की म्हशीनं दावं तोडलं.

मग मजकूर पुरा झाला: 'पाच वर्षांचा शांत अभ्यास. आई, अप्पा, हे तुमचं. आणि आमच्या गल्लीचे आभार, एवढी वर्षं हळू बोलल्याबद्दल.' अप्पांनी तो दोनदा वाचला, डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हशीचं नाव ऱ्हायलं की."

वैष्णवी प्रशिक्षणाला गेली. परवा माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि बघते तर अप्पा दारात. मी घाईनं गॅसकडं हात नेला.

"ऱ्हाऊ द्या, वहिनी," ते उंबऱ्यावरच बसले. "अजून एखादी होऊ द्या. घर लई गप झालंय."

डाळीचा पार गाळ झाला, पण मी गॅस बंद केला नाही.