टाकीवरचा हात

मोहितेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, सहा इंची स्टीलची पट्टी असते. तारापूरच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तयार माल तपासला आणि निवृत्त झाल्यावर बोईसरची आमची बिल्डिंग तपासायला घेतली. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. माझ्या दारावरचं तोरण डावीकडे पाव इंच उतरलंय हे मला त्यांच्याकडून कळलं. गणपतीत माझ्या मोदकांना त्यांनी पट्टी लावली, दोन बाजूला काढून "रिजेक्ट" म्हणाले, आणि तेच दोन आधी खाल्ले.

घरातले फोटोही तेच काढणार, कारण दुसऱ्याला जमत नाही. त्यामुळे भिंतभर काकू आणि मुलगी तनुजा आहेत. काका कुठेच नाहीत.

तनुजा सात वर्षांपूर्वी कॅनडाला गेली. यंदा आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तिला रजा मिळाली नाही. तेव्हा तिनं मला कटात घेतलं. "ताई, बाबांचा एक फोटो हवाय. गच्चीवर, पाचनंतर, ऊन त्यांच्या तोंडावर हवं. मोबाइल छातीच्या उंचीवर धर, पाय दिसू देत. त्यांना कळू देऊ नकोस."

मी काकांना सांगितलं, गच्चीवरची छोटी टाकी कलंडल्यासारखी वाटते. ते तडक वर आले, टाकीवर हात ठेवून उभे राहिले आणि मावळतीकडे बघत विचारात पडले. मी काम उरकलं. टाकी सरळ निघाली, त्याबद्दल मला बोलणी बसली.

महिन्याभरानं काकांकडे तनुजाचं पाकीट आलं, तेव्हा मी तिथेच होते. आत मोठा फोटो आणि पत्र. फोटोत इथल्याच, आमच्या जवळच्या माहीमचा किनारा, मागे सुरूची झाडं, मधे काकू, एका बाजूला तनुजा आणि दुसऱ्या बाजूला चक्क काका. त्यांचा हात काकूंच्या खांद्यावर. काकूंनी फोटो लावायला खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवूनसुद्धा ठेवलं.

"मी तिथे उभा नव्हतो," काका म्हणाले. "हा फोटो मीच काढलाय, ती जायच्या आदल्या आठवड्यात. त्या दोघी सात वर्षांपूर्वीच्या, मी एकटाच म्हातारा. खोटा माल आहे. रिजेक्ट."

"र्‍हाऊ द्या ना, पोरीनं केलंय," काकू म्हणाल्या. माहेर माहीमचं असल्यानं त्यांच्या बोलण्यात तिथलं वळण अजून आहे. काकांनी पट्टी काढली. मी घाईनं पत्र वाचायला घेतलं.

"बाबा, पट्टी खिशात ठेवा, आधी ऐका. किनाऱ्यावर ऊन समोरून होतं, म्हणून तुम्हालाही समोरून ऊन लागलेलं हवं होतं, नाहीतर चेहरा चिकटवलेला दिसतो. गच्चीतून तुम्हाला कापून घेतलं, कानाजवळचे केस एकेक करून. आई पाच फूट एक, तुम्ही पाच फूट सहा, त्या हिशेबानं तुम्हाला लहान केलं. निळ्या टाकीची झाक हातावर आली होती, ती काढून संध्याकाळचा पिवळेपणा दिला. तुमचीच आकृती काळी करून मागे आडवी पाडली, ती तुमची सावली. पायाशी गडद, पुढे पुसट. चपलांच्या कडांवर थोडी वाळू चढवली, नाहीतर तुम्ही तरंगत होतात. टाकी पुसली आणि तिथे आईचा खांदा आणला. बोटांखाली बारीक काळोख भरला, म्हणजे हात टेकलेला वाटतो."

"टाकीवरचा हात," काका म्हणाले. "चाळीस वर्षांत मी चारचौघांत असा हात ठेवलेला नाही."

"ठाऊक हाय मला," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा वर केला आणि फोटो नाकाशी नेला. "माणसं तीन, सावल्या चार. ही खालची कोणाची? एवढी ढळढळीत चूक?"

फोटोच्या खालच्या कडेला, कोपरं बाहेर काढलेली एक लांब सावली वाळूत पडली होती. मी पुढे वाचलं.

"चौथी सावली दिसली असेलच. ती पुसायला मिनिटही लागलं नसतं. पण ती फोटो काढताना पडलेली तुमची सावली आहे. जुने सगळे फोटो पाहिले, बाबा. तुम्ही फक्त एवढेच सापडलात. ती मी पुसणार नाही."

काकांची पट्टी खिशात गेली. संध्याकाळी वर ठोकाठोकी ऐकू आली. मी जाऊन पाहिलं, तर फोटो नव्या खिळ्यावर होता.

आठ दिवसांनी काकांनी मला पाचच्या सुमारास गच्चीवर बोलावलं. काकू नवी साडी नेसून उभ्या होत्या आणि लाजत होत्या. काका त्यांच्या शेजारी गेले, घसा खाकरला आणि खांद्यावर हात ठेवला. टाकी बरीच लांब होती.

"मोबाइल छातीशी धर. पाय येऊ देत," ते म्हणाले.

मी पाहिलं, तर दोघं एका कडेला सरकून उभी होती. "काका, मधे या ना. काकूंच्या पलीकडे केवढी जागा रिकामी राहतेय."

"दीड फूट आहे, मोजलीय," काका म्हणाले. "मागे सावली पडायलाही जागा ठेवलीय. तनूला कळव, हवं तर सध्या तिथे स्वतःला चिकटव म्हणावं. पण ती आल्यावर मी हा रिजेक्ट करणार."