दोनशे बारा वेळा ‘नक्की करून बघू’

पोस्ट-कमेंटचं दुकान चालवणाऱ्या साहेबांनो, गुन्हेगार तुम्ही आहात! मी फक्त सभ्यपणा केला. तो वाऱ्यासारखा गावभर पसरवलात तुम्ही.

मी कुलपं दुरुस्त करतो. शाळा अर्धवट, लिहिणं स्वतःचं स्वतः शिकलो. कुणालाही दोन ओळींत गार करतो, ही माझी ख्याती! म्हणून ताई म्हणाली, “माझ्या किडनीचं तूच लिही. फोनवर सांगून सांगून माझा घसा बसलाय.”

मी लिहिलं. चार वर्षांचा आजार, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणीसुद्धा मोजून. पोस्ट टाकली आणि बघतो तर काय, माणसंच माणसं! ना ओळख ना पाळख, पण प्रत्येकाच्या हातात औषध. कुणी म्हणे कांदा मोज्यात घालून झोपा. कुणी म्हणे रोज पाच लिटर पाणी. त्याच्याच खाली एक आजोबा म्हणत होते, पाणी बंदच करा! एक निवृत्त टायपिस्टबाई रोज सकाळी पालक, टोमॅटो आणि संत्र्याचा रस सुचवत होत्या. शेवटी लिहिलं होतं, “बाळा, तुझ्या ताईसाठी दिवा लावलाय.”

मी थक्क! आमच्या सख्ख्या काकांनी साधा फोन केला नव्हता हो.

असल्या माणसांना ‘नको’ कसं म्हणायचं? मी एकच वाक्य तयार केलं, ‘मनापासून आभार, नक्की करून बघू!’ आणि चिकटवत सुटलो. प्रत्येक उत्तराबरोबर पोस्ट पुन्हा वर यायची, नवी माणसं यायची, नवे काढे यायचे. आग विझवायला मी पंख्याने वारा घालत होतो!

चौथ्या दिवशी बाईंनी विचारलं, “रसाने कसं वाटतंय?”

आता काय सांगणार? लिहिलं, “छान वाटतंय!”

त्यांनी खाली लगेच जाहीर केलं, “बघा, गुण आला!” दीडशे जणांनी टाळ्या दिल्या.

ताईने माझा मोबाइल घेतला. हसत हसत वाचत गेली. “गाढवा, कांदा मोज्यात, पाच लिटर पोटात आणि पाणी बंद! मी एकाच दिवशी बुडणार की वाळणार?”

“अगं, नुसतं बोलायला...”

तेवढ्यात निरोप आला. एका बेकरीवाल्याचा. ‘तुमच्या ताईंना गुण आला म्हणून वडिलांना तीन दिवस रस देतोय. त्यांच्याही किडन्या कमजोर आहेत. आजपासून पाय लुळे पडल्यासारखे झालेत. रस वाढवू का?’

ताईचं हसू पुसलं गेलं. “फोन लाव त्याला. आत्ता!”

मी लावला. तिने हिसकावला. “दादा, रस बंद! पोटॅशियम असतं त्यात भरपूर. चांगली किडनी जास्तीचं बाहेर टाकते, आपली टाकत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. वाट बघू नका, इमर्जन्सीत न्या. पोटॅशियम आणि ईसीजी लगेच बघा म्हणावं. आणि हो, माझा गुण खोटा आहे. मी एक थेंबही प्यायले नाही.”

मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. तीन तासांनी त्याचा फोन आला. पोटॅशियम फारच वाढलेलं, उपचार सुरू, ठोके जागेवर आले होते. आणि तो मला म्हणाला, “थँक्यू!” मला! शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग ताईने उत्तरं लिहिली. माझं प्रत्येक ‘करून बघू’ दुरुस्त करून: ‘तुमची माया पोचली. पण हा उपाय मी करणार नाही, केलेलाही नाही. किडनीच्या आजारात हा कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.’ वाद नाही, टोमणा नाही. टायपिस्टबाईंना तिने खाजगीत लिहिलं, चारचौघांत नाही. बाईंनी स्वतःची कमेंट काढली, मग ज्याला ज्याला रस सांगितला होता त्याच्या त्याच्या पोस्टवर जाऊन माफी मागितली. वय एक्याऐंशी! इतक्या ताठ कण्याची माणसं असतात जगात.

शेवटी ताईने खुलाशाची वेगळी पोस्ट टाकली आणि माझ्या पोस्टवरच्या कमेंट बंद केल्या.

तर साहेबांनो, माझं खोटं तुम्ही एकेचाळीस हजार लोकांना दाखवलंत. ताईचं खरं दाखवलंत एकोणीस जणांना. त्यातले अकरा आमचे नातेवाईक, एक मी, आणि मी ते दोनदा उघडलंय!

त्या एकेचाळीस हजारांतल्या बाकीच्यांच्या घरी आज सकाळी रस निघाला असेल. त्यांच्यापर्यंत ताईची पोस्ट कधी पोचवताय? तारीख सांगा.