गुणवंतराव आणि फाटकाची कडी

भर मे महिन्याच्या दुपारी, नेरसारख्या गावात, जेव्हा कुत्रीसुद्धा नालीच्या सावलीतून बाहेर येत नाहीत, तेव्हा कोणी माझ्या फाटकाची कडी वाजवत होतं. खळ्ळ. थांबलं. पुन्हा खळ्ळ. मी शिलाई मशीन सोडून उठले. गिऱ्हाईक असेल म्हटलं. पाहते तर गुणवंतराव! डोक्याला पांढरा दुपट्टा, डोळे मिटलेले, आणि कडी वर करून सोडताहेत, वर करून सोडताहेत.

"काय काम होतं गुणवंतराव?"

"काम काही नाही ताई. आवाज पाहून राह्यलो."

आता आवाज कोणी पाहतं का? पण हे पाहतात. गुणवंतराव आमचे शेजारी. तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी कमलताई, त्यांची बायको, गेली. नंतर घरात एकटेच. पोरगी नागपूरला. लोक अशा वेळी भजनाला जातात, नाहीतर राजकारणावर भांडतात. यांनी भुताच्या गोष्टी लिहायला घेतल्या. आणि एकच हौस धरली, की यवतमाळच्या एका दिवाळी अंकात आपली गोष्ट छापून यावी. दोन दिवाळ्या झाल्या, दोन्ही गोष्टी परत आल्या. यंदा तिसरी लिहीत होते. "यंदा नाही छापली तर लेखणी ठेवून देईन," असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. गल्लीनंही ते मनावर घेतलं होतं, कारण त्यांनी लेखणी ठेवली तर आमच्या घरांना थोडी शांतता मिळणार होती.

या माणसाच्या गोष्टीत रक्ताचा थेंब नसतो. कसा असेल? एकदा माझ्या बोटात सुई घुसली तर हेच भिंतीला टेकून खाली बसले आणि मलाच त्यांना गूळपाणी द्यावं लागलं. पण याचंही त्यांनी शास्त्र करून टाकलं होतं. "रगत दिसलं का भेव संपलं, ताई. मंग मानूस नाक मुरडते. भेव कानातून आत जाते. आन् रोजच्या आवाजातून जाते. रानातल्या आवाजानं कोनी भेत नाही, कारन वाचनारा रानात राह्यतच नाही. तो घरात राह्यते. त्याच्या घरातलाच आवाज त्याच्या अंगावर सोडा लागते."

हे शास्त्र सिद्ध करायला त्यांनी आमच्या स्वयंपाकघराचा बळी दिला. एकदा मी वरणाचा कुकर लावला होता. गुणवंतराव ओट्याजवळ उभे. आमच्याकडे तीन शिट्ट्यांचं वरण. पहिली झाली, दुसरी झाली. मी कणीक मळत होते, आमचे हे समोरच्या खोलीत पेपर वाचत होते, सासूबाई पलंगावर. तिसरी काही येईना. हात कणकेतच थांबले. ह्यांचा पेपर खाली आला. सासूबाई म्हणाल्या, "काऊन व, काय झालं?" कोणालाच काही झालं नव्हतं, पण घरात सगळे श्वास धरून बसलेले. शेवटी पाहते तर या भल्या माणसानं हळूच गॅस बंद केलेला!

"पाह्यलं का? दोन शिट्ट्या द्याच्या, तिसरी राखून ठेवाची. लोकाइले सवय लागली ना, का मंग आवाज न करताच भेव लागते."

"आणि कच्चं वरण कोण खाईल? तुमचं भूत?"

त्या दिवशी त्यांनीच निमूटपणे दोन वाट्या कच्चं वरण खाल्लं. वर म्हणाले, चव चांगली आहे.

तिसऱ्या गोष्टीचा आराखडा मला तोंडपाठ झाला, कारण मशीनवर बसलेली बाई पळून जाऊ शकत नाही. गोष्ट दुपारची होती. "रातीले तर कोनीबी भेववते," असं त्यांचं म्हणणं. एक नवरा-बायको. बायको रोज दुपारी बाजारातून घरी येते. आधी फाटकाची कडी वाजते. मग पायरीवर चपला पडतात, एक आणि मग दुसरी. मग दाराशी ठेवलेल्या ड्रममधून लोटाभर पाणी पायावर. मग दार. पहिल्या पानावर एवढंच. कोणी भीत नाही, उलट वाचणाऱ्याला कंटाळा येतो.

"येऊ द्या कंटाया," गुणवंतराव म्हणाले. "कंटायल्याबिगर क्रम पाठ होत नाही."

दुसऱ्या पानावर बायको जाते. एका वाक्यात. कशी गेली, काय झालं, काही नाही. आणि मग एका दुपारी फाटकाची कडी वाजते.

"तो नवरा लगेच भीत नाही काय?" मी विचारलं.

"कायले भीन? वारा असन, गाय असन. कारन द्याच लागते ताई. वाचनाऱ्याले एक कारन द्याचं, मंग ते हळूच काढून घ्याचं. तो कडी सुतळीनं बांधते. दुसऱ्या दिवशी बांधेल कडी वाजते. झालं, वारा गेला, गाय गेली! मंग एक दिवस पान्याचा आवाज. म्हनजे आवाज फाटकावरून दाराशी आला. दर खेपेस जरासा जवळ. आन् कुठंच 'भयानक आवाज' लिवाचं नाही. लोट्याचा आवाज म्हनाचं. भयानक आपन म्हटलं, तर वाचनाऱ्यानं काय कराचं?"

"आणि चपला?"

गुणवंतरावांचा चेहरा उजळला. "तेच तं! कडी वाजते, पानी वाजते, मधातल्या चपला वाजत नाही. मी सांगत नाही. वाचनाराच म्हनते, अरे, चपला कुठं गेल्या?"

खरं सांगते, माझं पायडलवरचं पाऊल तिथेच थांबलं. ब्लाउजची बाही उलटी शिवली गेली होती.

गोष्ट पाठवण्याआधी ती कोणावर तरी तपासायची होती. माझ्याकडे दुपारी मापाला बायका येतात, पाच-सहा तरी असतातच. कूलरसमोर बसवल्या. गुणवंतरावांनी दार लोटून वाचायला सुरुवात केली. कूलर घरघरत होता, त्यामुळे त्यांना ओरडून वाचावं लागत होतं, आणि ओरडून वाचलेल्या भुताला कोण भितं? बायका पदराआड हसत होत्या. एकीनं तर मध्येच विचारलं, "बाजारातून काय आणे जी ते बाई?"

आणि लाइट गेली.

कूलर थांबला. तो थांबल्यावर कळलं की इतका वेळ त्यानं किती गोष्टी झाकून ठेवल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. खसच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं. गुणवंतरावांचा आवाज आपोआप खाली आला. त्यांची वाक्यंही तोकडी झाली. गोष्टीत ड्रममधलं पाणी रोज थोडं कमी होत होतं. कोणी हसलं नाही.

तेवढ्यात बाहेर फाटकाची कडी वाजली. खळ्ळ.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, वारा असेल. म्हटलं आणि जीभ चावली, कारण हेच त्या गोष्टीतलं पहिलं कारण होतं. आम्ही चपलांची वाट पाहिली. चपला वाजल्या नाहीत. थेट आमच्या दाराशी ठेवलेल्या ड्रमचं झाकण वाजलं आणि पायावर पाणी पडल्याचा आवाज आला.

मग जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. एक बाई अंगात टाचण्या लावलेलं ब्लाउज तसंच घेऊन कटिंगच्या टेबलाखाली गेली. दुसरीनं धावत जाऊन दाराची कडी लावली आणि दाराला पाठ लावून रामरक्षा सुरू केली. मी, मालकीणबाई, कात्री घेऊन उभी. भुताला कात्रीनं काय होतं, देव जाणे.

बाहेरून आवाज आला, "अवं, दार उघड ना! पाय भाजून राह्यले!"

आवाज आमच्या ह्यांचा होता. पण भूत आवाज बदलतं, हे सगळ्यांना माहीत असतं. कोणी हललं नाही. बाहेर ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते, आत रामरक्षा चढत होती. फक्त गुणवंतराव उठले. त्यांनी त्या बाईला हाताला धरून बाजूला केलं, इतकं आडदांडपणे की मी चकितच झाले, आणि दार उघडलं.

दारात आमचे हे. हातात दोन्ही चपला, एकीचा अंगठा तुटलेला, आणि तोंडात माझ्या माहेराचा उद्धार.

गोष्ट पास झाली, हे सांगायला नको. त्याच दिवशी ती यवतमाळला गेली. पंधरवड्यात संपादकांचा फोन आला, तोही गुणवंतरावांनी माझ्या घरात बसूनच घेतला. संपादक म्हणाले, कथा उत्तम, अंगावर काटा आला. फक्त शेवट चुकला. बाहेर ती आलेली आहे, नवऱ्याचा हात दाराच्या कडीवर आहे, आणि तो दार उघडतो. तिथे सगळी भीती जाते. त्यानं कडी लावून घेतली पाहिजे. एवढी एक ओळ बदला, छापतो.

मी टाळ्याच पिटल्या. "लावा ना बापा कडी! एका ओळीचं तर काम!"

संपादकाचं बरोबर होतं, ते गुणवंतरावही कबूल करत होते. "शास्त्राप्रमानं कडी लावाच लागते," म्हणाले, आणि घरी गेले. आठ दिवस फिरकले नाहीत. कोणाच्या फाटकाची कडी वाजली नाही, कोणाचा कुकर फसला नाही. मला करमेना, हे मी कबूल करते.

मग एका दुपारी आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

"लिहिली का ओळ?"

"लिवली."

"मग झालं तर! पाठवा."

"लिवली, आन् वाचून पाह्यली." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मग पुसतच राहिले. "ताई, तो कडी लावते ना, तं ते बाई बाहीरच राह्यते हो. मी कागद पालथा ठेवला, जेवलो, झोपलो, उठून पाह्यलं, तं ते तशीच बाहीर. एवढ्या उन्हात. पायात काही नाही."

कमलताई रोज बाजारातून यायची, तिचा लोट्याचा आवाज माझ्या मशीनपर्यंत यायचा, आणि दोन वर्षांत मला एकदाही तो आठवला नव्हता. या माणसानं गल्लीतल्या सगळ्या कड्या वाजवून पाहिल्या होत्या, आणि आम्ही त्याला येडा म्हणत होतो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"तुमाले भेव लागते ना त्या आवाजाचं?" त्यांनी विचारलं. "समद्याइले लागते. मले लागत नाही. मी रोज कान देऊन बसतो. येतच नाही."

मी मशीनच्या खणातून पेन काढून त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "खोडा ती ओळ."

"मंग छापत नाही ते."

"न छापो मेले."

त्यांनी कागद माझ्या कटिंगच्या टेबलावर पसरला, ती ओळ नीट रेघ मारून खोडली, आणि खाली लिहिलं: त्यानं दार उघडलं, आणि म्हणाला, केवढा उशीर केला वं, ये आत.