निसारभाईंचं फाटक

आमच्या दौंड-पुणे गाडीत एक गृहस्थ रोज सकाळी बैलगाड्या चिरडतात. पाटस सुटलं, की "गेली! उसासकट गेली!" असं खिडकीजवळून ऐकू येतं. नवा प्रवासी दचकतो, आम्ही जुने लोक डबे उघडतो.

हे निसारभाई. हडपसरजवळच्या कारखान्यात प्रेस चालवतात आणि जाता-येता फोनवर गेम बनवतात. खेळत नाहीत हो, बनवतात! एका अंगठ्यानं कोड लिहायचा, ब्राउजरमध्ये चालवून बघायचा, चुकला की पुन्हा लिहायचा. गेममध्ये रेल्वेचं एक फाटक. स्क्रीनवर बोट टेकवलं की ते पडतं. गाडी यायच्या आत पडलं नाही, तर बैलगाडीचा चुराडा. कोडातला एक कंस उघडा राहिला तरी सगळं ठप्प होतं, म्हणून त्यांचं पालुपद, "उघडलंय ते बंद करा." हे ते माझ्या डब्यालाही म्हणतात आणि माझ्या तोंडालाही.

एका सोमवारी मात्र गडी गप्प.

"अब्बा जेवंना झालेत," म्हणाले. "जन्मभर रेल्वेत गेटमन. आता शिरूरला माझ्या बहिणीकडं असत्यात. तिथं रेल्वेच न्हाई ओ! शिट्टी ऐकल्याबिगर म्हाताऱ्याला करमत न्हाई, म्हून तर हा खेळ. काल बहिणीच्या नव्या फोनवर टाकून दिला, तर गाडी अशी सुसाट आली, की तीन बैलगाड्या गेल्या. 'माझ्या गेटावर कवा कुत्रं मेलं न्हाई,' म्हणले आन् भिंतीकडं तोंड करून बसले."

त्यांच्या स्वतःच्या फोनवर तर गाडी रमतगमत येत होती. मी माझा नवाकोरा फोन पुढं केला. अरे बापरे! गाडी कधी आली नि कधी गेली, कळलंच नाही.

निसारभाईंनी कपाळावर हात मारला. "तुमचा फोन सेकंदाला एकशेवीस वेळा चित्र काढतोय, माझा साठ. आन् मी येड्यानं दर चित्राला गाडी दोन ठिपके पुढं ढकलली! तुमच्याकडं दुप्पट पळणारच. गेटबी दुप्पट पडतंय, पण अब्बांचं बोट तेवढंच हाय की!"

मांजरी येईपर्यंत अंगठा थांबला नाही. मागच्या चित्रापासून किती वेळ गेला तो मोजायचा, वेगाला त्या वेळानं गुणायचं आणि गाडी तेवढीच सरकवायची. मग फोन कुठलाही असो, सेकंदाला अंतर सारखंच. दोन्ही फोन मांडीवर शेजारी ठेवले. दोन्ही गाड्या एकदम फाटकात आल्या, तेव्हा आम्ही डब्यात टाळ्या पिटल्या. फाइल लगेच बहिणीला गेली.

संध्याकाळी परतताना यवतला तिचा फोन आला. निसारभाई नुसतं "व्हय, व्हय" करत राहिले, मग डोळे पुसले.

"काय झालं हो?" माझा जीव टांगणीला.

"एकबी बैलगाडी गेली न्हाई. आन् गेटातनं गाडी निघाली तवा अब्बा उठून उभे राहिले म्हणं. हिरवा झेंडा दावत्यात तसा हात वर केला. हातात काय न्हाई, बरं का. नुसता हात."

मला कसं हायसं वाटलं! "आणि जेवले का?"

"जेवले की. म्होरली गाडी कवा हाय, म्हून इचारत हुते."

एवढं बोलून निसारभाईंनी फोन पुन्हा हातात घेतला आणि लिहायला लागले.